आयो थंड का होत नाही

विट्याच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाचं गुरुत्वाकर्षणाचं प्रकरण संपत आलं की एक तास मी अभ्यासक्रमाबाहेरचा घेते. फळ्यावर मोठा गुरू काढते आणि त्याच्या चार मोठ्या चंद्रांपैकी सगळ्यात आतला चंद्र काढते, आयो. आकारानं आपल्या चंद्राहून जरासाच मोठा. गुरूपासूनचं त्याचं अंतरही आपल्या चंद्राच्या अंतराहून थोडंच जास्त. म्हणजे अगदी आपल्या ओळखीतला वाटावा असा. पण आपला चंद्र थंडगार, निपचित पडलेला, आणि आयोवर शेकडो ज्वालामुखी धगधगताहेत. माणसाला माहीत असलेल्या जगात ज्वालामुखींनी इतकं भरलेलं दुसरं ठिकाण नाही.

विट्यातल्या मुलांना यावर एक प्रश्न हटकून पडतो. पुष्कळांचे वडील, काका, मामा देशभर कुठं ना कुठं सोनं गाळायच्या दुकानात असतात. भट्टी म्हणजे काय हे त्यांना मला सांगावं लागत नाही.

"मॅडम, भट्टीला गॅस तरी लागतो, नाहीतर कोळसा. तिथं जळतंय काय?"

"काहीच जळत नाही," मी म्हणते आणि पर्समधून जाड तांब्याची तार काढते. पहिल्या बाकावरच्या मुलाला ती एकाच जागी भराभर मागं-पुढं वाकवायला लावते. थोड्या वेळानं वाकलेली जागा गालाला लावून बघ म्हणते. तो दचकून गाल मागं घेतो, वर्ग हसतो. तारेत कुणी जाळ घातलेला नसतो. नुसती वाकवली, ती तापली. गुरू आयोला असाच वाकवतो, सोडतो, पुन्हा वाकवतो. भरती-ओहोटी समुद्राला येते हे आपल्याला माहीत आहे. तिथं ती खडकाला येते. आयोची जमीन काही ठिकाणी शंभर मीटरपर्यंत वर चढते आणि खाली बसते, आणि ते पावणेदोन दिवसांत, एकेका फेरीला.

माझा तास इथं संपायचा. एका वर्षी तो संपला नाही.

मागच्या बाकावर जत तालुक्यातली एक मुलगी बसायची. घरची मेंढरं, वडील वर्षातले सात-आठ महिने कळप घेऊन बाहेर. ती हॉस्टेलवर राहायची आणि वर्गात फारशी बोलायची नाही. त्या दिवशी तिनं हात वर केला.

"मॅडम, तार आपण सारखी हलवतो म्हणून तापती. पण आयो तर गुरूकडं एकच तोंड करून फिरतो. मग गुरूनं त्याला एकदा ताणला की तो तसाच ताणलेला राहणार. वाकवून नुसती धरलेली तार काय तापत न्हाई."

मला तिचं फार कौतुक वाटलं. मग मी सांगितलं, की आयोची कक्षा पुरती गोल नाही. किंचित लांबट आहे. इतकी किंचित, की फळ्यावर काढली तर गोलच दिसेल. पण त्यामुळं तो गुरूच्या जरा जवळ जातो, जरा लांब जातो. जवळ गेला की ताण वाढतो, लांब गेला की सैल होतो. हेच ते वाकवणं.

ती खाली बसली. तास सुटल्यावर मात्र मी स्कूटरची किल्ली शोधत होते तेव्हा पुन्हा शेजारी येऊन उभी राहिली.

"मॅडम, एवढी उष्णता बाहेर चाललीय, म्हणजे ती कुठनंतरी खर्च होणार. ती त्या लांबटपणातनंच खर्च होत असणार ना? मग कक्षा हळूहळू गोल होईल, वाकवणं थांबेल, आणि आयो थंड होईल. कवाच व्हायला पाहिजे होता. का झाला न्हाई?"

स्कूटर काढायची राहिली. स्टाफरूममध्ये जाऊन आम्ही दोघी कागद घेऊन बसलो, आणि पुढचा पंधरवडा जेवणाच्या सुट्टीत तेच करत राहिलो. उत्तर पुस्तकात होतं, मला ठाऊकही होतं; पण ते आपल्या हातानं जुळवत नेताना मला जे वाटलं ते तोवर वाटलेलं नव्हतं.

आयोच्या बाहेरच्या बाजूनं युरोपा नावाचा दुसरा चंद्र फिरतो, त्याच्याही बाहेर गॅनिमीड. युरोपाची एक फेरी होते तेवढ्यात आयोच्या दोन होतात. गॅनिमीडची एक होते तेवढ्यात युरोपाच्या दोन, आयोच्या चार. त्यामुळं आयो युरोपाला आतून गाठून पुढं जातो तो प्रत्येक वेळी आपल्या कक्षेच्या त्याच जागी. तिथं युरोपा त्याला ओढतो. ती ओढ गुरूपुढं काहीच नाही, पण ती चुकत नाही आणि जागा बदलत नाही. गोल होऊ पाहणारी कक्षा दर वेळी पुन्हा किंचित लांबट केली जाते. गॅनिमीड युरोपाला तसंच बांधून ठेवतो. तिघं एकमेकांना सोडत नाहीत म्हणून आयो थंड होत नाही.

पुढं ती एम.एस्सी.ला गेली, मग परदेशात संशोधनाला, आणि तिनं विषय घेतला तो हाच: आयोच्या आत उष्णता नेमकी कुठं तयार होते आणि वितळलेला खडक वर कसा येतो. अधूनमधून फोन यायचा. गुरूभोवती फिरणारं यान आयोच्या अगदी जवळून गेलं त्या दिवसांत तर तिच्या बोलण्यात दुसरं काही नव्हतं. कवचाच्या खाली सगळीकडं वितळलेल्या खडकाचा समुद्र असेल असं पुष्कळांना वाटत होतं. यानाला जाणवलेल्या आयोच्या ओढीच्या मोजमापातून दिसलं, की तसा उथळ समुद्र नाही. आतला भाग बराचसा घट्टच आहे.

"म्हणजे मॅडम, घट्ट खडकच मळला जातोय," ती फोनवर म्हणाली. "मला आता सगळं पुन्हा मांडायला लागणार." आवाजात वैताग नव्हता. एखाद्याला नवं घर बांधायला जागा मिळावी तसा होता तो आवाज.

यंदा ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता तेव्हा ती व्हिसाच्या कामासाठी भारतात आली. कॉलेजला भेटायला आली तीच एक काम घेऊन.

दर सहा वर्षांनी असे काही महिने येतात, की पृथ्वीवरून बघताना गुरूचे चंद्र एका ओळीत, जवळजवळ एकाच पातळीत दिसतात आणि एकमेकांना झाकत जातात. युरोपा आयोसमोरून जातो तेव्हा दोघांचा मिळून प्रकाश काही मिनिटं कमी होतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. प्रकाश सगळ्यात कमी कधी झाला ती वेळ अचूक टिपली, तर ते चंद्र त्या क्षणी कुठं होते हे फार बारकाईनं कळतं. अशी शंभरेक वर्षांची निरीक्षणं एकापुढं एक ठेवली की आयो आपल्या वाटेवरून किती सरकतोय ते दिसतं, आणि सरकण्यावरून तो आत किती उष्णता गमावतोय याचा अंदाज येतो.

"युरोप खंडात तेव्हा दुपार असते, अमेरिकेत सकाळ," ती म्हणाली. "दिवेलागणीनंतरचं हे झाकणं आपल्याकडच्यांनाच दिसणार. कॉलेजची दुर्बीण देताय का?"

दुर्बीण प्राचार्यांनी दिली. कॅमेरा आणि उपग्रहावरून वेळ घेणारी छोटी डबी तिनं आणली होती. जागा म्हणून मी आमच्या घराची गच्ची सुचवली. आम्ही कुंडलला राहतो. यजमान कारखान्यात, हंगामात त्यांच्या पाळ्या चालू. घरी मी आणि माझे सासरे, आबा. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले, ताठ. बर्फाच्या डोंगरांत त्यांची बरीच नोकरी गेली.

दुर्बीण बसवताना आबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. त्यांना लॅपटॉपवर आयोचं चित्र दाखवलं. पिवळा, केशरी, मधेच पांढरा, काळ्या डागांचा.

"हे पांढरं काय?"

"गोठलेला वायू, आजोबा. गंधकाचा. तिथं उणे दीडशेच्या आसपास थंडी असते."

"आन् हे काळं?"

"ते ज्वालामुखी. त्यातला खडक हजार-बाराशे अंशांच्या वर तापलेला."

आबांनी काळ्या डागावर बोट ठेवलं. "बर्फात राहिलोय मी," ते म्हणाले. "तिथं स्टोव्हवर बर्फ वितळायला किती वेळ लागायचा मला म्हाईत हाय. ह्येला कोण तापवतंय एवढं?"

तिनं त्यांना ती तीन चंद्रांची गोष्ट सांगितली. एकाच जागी येणारी ती बारकी ओढ सांगताना ती शब्द शोधत होती, तेवढ्यात आबाच म्हणाले,

"झुलत्या पुलावरनं जाताना आमाला कदम मोडायचा हुकूम असायचा. सगळ्यांचा पाय एकदम पडला की पूल हिंदळतो. पायात काय जोर असतोय माणसाच्या? पर ताल धरला की पूल ऐकतोय."

"हां, तसंच," ती म्हणाली. "फक्त ह्यांना कदम मोडायचा हुकूम द्यायला कुणी नाही."

आबा हसले नाहीत. त्यांनी मान वर करून गुरूकडं बघितलं. अंधार पुरता पडला नव्हता, तो एकटाच दिसत होता, डोक्याच्या जरा पश्चिमेला.

आणि तेव्हाच ओढ्यापलीकडच्या उसाच्या फडाला कुणीतरी काडी लावली. हंगाम सरत आला की तोडणाऱ्यांच्या टोळ्या कमी पडतात, मग ऊस पेटवून तोडतात. आमच्या भागात ही नवलाची गोष्ट नाही. फड पेटला की तडतड आवाज होतो, ज्वाळा आंब्याच्या झाडाएवढ्या उंच जातात आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं निवतं. पण धूर राहतो. वारा आमच्या दिशेनं होता. गुरू आधी लालसर झाला, मग विटक्या बटणासारखा, मग दिसेना. पाचटाची काळी पानं गच्चीवर, दुर्बिणीवर, तिच्या केसांत पडू लागली. मी धावत जाऊन साडी आणली आणि आम्ही दोघींनी दुर्बीण गुंडाळली.

झाकण्याची वेळ धुरात आली आणि धुरात गेली. लॅपटॉपवर राखाडी पडद्याशिवाय काही नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. सातासमुद्रापलीकडून पोरगी आली, कॉलेजनं दुर्बीण दिली, आणि आमच्याच गावच्या धुरानं घात केला. "आता पुन्हा सहा वर्षं," मी म्हणाले.

"नाही हो मॅडम. पुढच्या आठवड्यात आहे की!"

"पुढच्या आठवड्यात?"

"साडेतीन दिवसांनी युरोपाची फेरी पूर्ण होणार, आयोच्या दोन. म्हणजे दोघं पुन्हा ह्याच मांडणीत. तेव्हा आपल्याकडं सकाळ असेल, ते दिसणार नाही. पण त्यानंतर साडेतीन दिवसांनी पुन्हा. एक आठवडा आणि दोन-अडीच तास. जेवणं झाल्यावर, निवांत."

मी गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिले. हे गणित मीच तिला शिकवलं होतं. तरी ते असं आपल्या गच्चीवर उतरेल हे सुचलं नव्हतं. आज हुकलेलं पुढच्या आठवड्यात परत येणार होतं, कारण ते दोन चंद्र ताल सोडत नाहीत. आणि ताल सोडत नाहीत म्हणूनच तो आयो आतून वितळत होता. आम्हाला दुसरी संधी देणारी आणि तिथले ज्वालामुखी पेटते ठेवणारी गोष्ट एकच होती. कोट्यवधी किलोमीटर लांब असलेल्या त्या तालात, कुंडलच्या गच्चीवर काळी पानं झटकत उभ्या असलेल्या आम्ही दोघीही जराशा बसत होतो.

कुंडलला आठवडाभर फड पेटतच राहणार होते. म्हणून पुढच्या वेळी आम्ही तिच्या गावी गेलो, जतच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीजवळ. आबा म्हणाले, "मी बी येतो." त्यांना नको म्हणायची माझी टाप नव्हती. गाडीच्या मागच्या सीटवर दुर्बीण सांभाळत ती आणि पुढं माझ्याशेजारी आबा, असे आम्ही गेलो. कवठेमहांकाळ मागं पडलं तसा हिरवा रंग संपत गेला. काढून झालेल्या ज्वारीची रानं, बाभळी, उघडा माळ.

घर रस्त्यापासून आत, दोन खोल्या आणि पुढं अंगण. वडील कळप घेऊन कृष्णाकाठी उसाच्या पट्ट्यातच गेलेले, खतासाठी रानात मेंढरं बसवायला. घरी आई आणि दोन शेळ्या. आईनं आबांना घोंगडं अंथरलं, मला पाणी दिलं. आधी पिंपाकडं बघून, मग तांब्या बुडवून दिलं, हे माझ्या लक्षात आलं. टँकर दुपारी यायचा तो आला नव्हता.

"भरायच्या ठिकाणी लाईट न्हाई म्हनं," ती म्हणाली. "यील कवातरी."

भाकरी, पिठलं आणि कच्चा कांदा जेवून आम्ही अंगणात मांडामांड केली. कॅमेरा मोठ्या दुर्बिणीला, आणि डोळ्यांनी बघायला तिनं कॉलेजात असताना स्वतः आरसा घासून बनवलेली छोटी दुर्बीण, जी आईनं एवढी वर्षं गोधडीत गुंडाळून ठेवली होती. वीज जाईल म्हणून शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून ठेवली. आणि आकाश! मी सांगली-साताऱ्यात जन्म काढला, पण असं आकाश फार थोड्या वेळा बघितलं. माळाला कुठंच कड नव्हती, चांदण्या सगळीकडं जमिनीपर्यंत उतरल्या होत्या.

छोट्या दुर्बिणीत गुरू मोहरीएवढा, पट्टे असलेला, आणि त्याच्या बाजूला चार ठिपके एका रेषेत. त्यातले दोन आता अगदी जवळ आलेले. "आतला जरा पिवळसर वाटतोय तो आयो," ती म्हणाली. आबांनी बघितलं, मग आईनं बघितलं. आईनं एक डोळा हातानं झाकला होता.

"ह्यो ठिपका? ह्येच्यासाठी तू तकडं राह्यलीस?"

"हां."

आई पुन्हा वाकून बघत राहिली. 

झाकणं सुरू व्हायला थोडा वेळ होता तेवढ्यात रस्त्यावर दिवे दिसले. टँकर आला होता. दिव्यांचा झोत वळणावर सगळ्या माळावरून फिरला आणि आमच्या अंगणात आला. लॅपटॉपवरचं चित्र पांढुरकं झालं. चारी बाजूंनी घागरी, कळश्या, पिंपांचे आवाज सुरू झाले. बायका मराठीत आणि कानडीत एकमेकींना हाका मारत होत्या.

लेक सवयीनं उठली. पायात चपला घातल्या, कळशीकडं हात गेला. या घरात टँकर आला की दुसरं काही नसतं, हे तिच्या हाताला पाठ होतं.

आईनं कळशी तिच्या हातातून काढून घेतली. "तू बस. मी हाय न्हवं."

"आई, एकटी किती आणशील?"

"तुजं तकडं झाकतंय ते परत आणता येतंय का मला? पानी मी आनते. बस म्हनते न्हवं!"

आबा उठून उभे राहिले, धोतराचा काचा आवळला आणि दोन्ही हातांत एकेक घागर घेऊन तिच्या आईच्या मागं चालू लागले. मी अडवायला गेले तर म्हणाले, "बाई, तुमी तुमच्या मशिनीकडं बघा."

अंधारातून आईचा खणखणीत आवाज आला. "आरं डायव्हर, दिवा मालव की! पोरगी बघतीया हितं!"

"काय बघतीया?"

"तुला काय करायचंय? मालव!"

दिवे मालवले. त्या माणसानं का ऐकलं मला माहीत नाही. आवाजच तसा होता. बायका मोबाइलच्या उजेडात पाणी भरू लागल्या, आणि आमच्या अंगणात पुन्हा अंधार झाला.

मी छोट्या दुर्बिणीला डोळा लावला. दोन ठिपके एकमेकांना टेकले होते. मग त्यांचा एक झाला. आवाज नाही, झळ नाही, काही नाही. शेजारी लॅपटॉपच्या पडद्यावर प्रकाश दाखवणारी रेघ इतका वेळ सरळ चालली होती. ती हळूच खाली वाकली.

"लागला," ती कुजबुजली.

रेघ खाली जात राहिली. मी दुर्बिणीतून त्या एका ठिपक्याकडं बघत होते आणि मनात एकच गोष्ट चालली होती. आत्ता युरोपा ज्याच्यासमोरून सरकतोय, त्याच्यावर ह्या क्षणी लाव्ह्याची तळी उकळताहेत. गंधकाचे फवारे शेकडो किलोमीटर वर उडताहेत आणि बर्फ होऊन खाली पडताहेत. तिथं कुठं उल्केचा जुना खड्डा म्हणून सापडत नाही, कारण ज्वालामुखींचा राडा सगळं सारखं पुरून टाकतो. हे सगळं एवढ्याशा ठिपक्यात. आणि त्यामागं आग नाही. आहे ते फक्त ठरलेल्या वेळी येणं, किंचित ओढणं, पुन्हा येणं.

रेघ तळाला पोचली, तिथं क्षणभर रेंगाळली आणि वर चढू लागली. माझ्याशेजारी पोरगी तोंडावर हात ठेवून बसली होती. तिचे डोळे भरून आले होते, ते पडद्याच्या उजेडात चमकत होते. इतकी वर्षं तिनं आयोला समीकरणांत आणि यानाच्या आकड्यांत बघितला होता. आज तो तिच्या अंगणातून, तिच्या हातच्या आरशातून गेला.

आबा दुसऱ्या खेपेला परत आले तेव्हा दोन्ही ठिपके पुन्हा वेगळे झाले होते. हातांतल्या घागरी तशाच धरून ते वाकले आणि पडद्यावर रेघेला पडलेला खड्डा बघितला. "एवढंच?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "एवढंच, व्हय. बास की."

टँकर गेल्यावर पाच-सहा बायका ओल्या पदरानिशी अंगणात आल्या. एकेकीनं गुरू बघितला. एक म्हातारी कानडीत काहीतरी बोलली, मला ते कळलं नाही, पण तिनं दोन्ही हात जोडले होते.

सकाळी चुलीजवळ बसून ती मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडेमोड करत होती. तळाची वेळ पूर्वकथनाच्या वेळेपेक्षा काही सेकंदांनी वेगळी निघाली.

"म्हणजे पूर्वकथन चुकलं?" मी विचारलं.

"एका मोजमापावरून काही म्हणता येत नाही, मॅडम. पण असे पुष्कळ काही सेकंद जमले की त्यातनं कक्षेचं सरकणं दिसतं. आधीच्या लोकांनी मांडलंय, की आयो अगदी हळू आत चाललाय. आत उष्णतेत जेवढी ऊर्जा जातीय, तेवढी गुरूकडनं त्याला पुरत नाही."

"गुरू देतो व्हय त्येला?" आईनं चहा गाळता गाळता विचारलं. मला वाटलं होतं ती ऐकत नाही.

"हां. आयोच्या ओढीनं गुरूलाबी फुगवटा येतो. आणि गुरू स्वतःभोवती लय जोरात फिरतो, दहा तासांच्या आत एक गिरकी. तो फुगवटा पुढं पळतो आणि आयोला पुढं रेटतो. तिथनं ऊर्जा येती. आयो थोडी वापरतो, थोडी युरोपाला, गॅनिमीडला देतो."

"म्हंजी गुरूची गिरकी कमी हुत आसंल."

तिनं लॅपटॉपवरून मान वर केली. "होय. होती. पण गुरू एवढा मोठाय, की त्याला कळतबी नाही."

आईनं तिच्यापुढं कप ठेवला. "मग इझंल का ते कवा?"

"ताल तुटला तर इझंल. पण तो कुणी तोडणारं दिसत नाही. आपण कुणी तवर असणार नाही, आई."

आई चुलीपुढं बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली नाही, दुःखही नाही. देवळाच्या शिखराकडं मान मागं टाकून बघतात तशी ती समोरच्या भिंतीकडं बघत होती.

महिन्या-दीड महिन्यानं तिचा परदेशातून निरोप आला. आमची नोंद चांगली निघाली, इतर देशांतल्या नोंदींत ती मिसळली होती. यादीत जागा म्हणून तिच्या गावाचं नाव होतं. मी ते विट्याच्या मुलांना दाखवलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण मला आठवतो तो त्या सकाळचा परतीचा रस्ता. ऊन चढलं होतं, आकाश पांढरंफटक, त्यात काही दिसणं शक्य नव्हतं. नागज गाव आलं तसे आबा माझ्याकडं वळले. मग म्हणाले,

"बाई, ते आत्ताबी चालू आसंल का? दिवसा?"

"हो आबा. तिथं आपल्या दिवस-रात्रीचं काही नाही. आत्ता, ह्या मिनिटालाही चालू आहे."

त्यांनी खिडकीची काच खाली केली, डोकं थोडं बाहेर काढलं आणि त्या रिकाम्या, तापलेल्या आभाळाकडं बघत राहिले. मी गाडी हळू केली.